बँक मेळपत्रकाची तपासणी : कोल्हापूरच्या एका फाउंड्रीच्या लेखापरीक्षणातील नोंदी (३१ मार्च २०२४ अखेर)

१३ मे २०२४, सोमवार

पंपाचे सुटे भाग ओतणाऱ्या या खासगी कंपनीच्या वार्षिक लेखापरीक्षणात रोख व बँक शिल्लक हा भाग माझ्याकडे आला आहे. कंपनीचे मुख्य चालू खाते, एका सहकारी बँकेतील जुने, जवळपास निष्क्रिय खाते आणि हमीसाठी तारण ठेवलेली एक मुदत ठेव एवढाच पसारा आहे. मुदत ठेवीची पावती व बँकेचे पत्र जुळले. ती तारण असल्यामुळे ताळेबंदात वेगळी दाखवली जाईल आणि तिच्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. सहकारी बँकेतील खात्यात वर्षभरात केवळ व्याजाच्या नोंदी आहेत, तरीही पुष्टिपत्र त्या बँकेकडूनही मागवले आहे, कारण ज्या खात्याकडे कोणाचे लक्ष नसते त्यातून अनेकदा नको ते व्यवहार फिरवले जातात.

खरा प्रश्न मुख्य चालू खात्याचा आहे. टॅलीतील वहीप्रमाणे ३१ मार्चची शिल्लक १,१२,३५,९०० रुपये आहे, तर बँकेच्या उताऱ्यावर ती २,३८,६४,२१० रुपये आहे. एका कोटीहून मोठा हा फरक उलगडून दाखवणारे मेळपत्रक, म्हणजेच बीआरएस, लेखाविभागाने एक्सेलमध्ये केले आहे आणि ते रुपयापर्यंत जुळते. मेळपत्रक जुळणे हा मात्र माझ्या दृष्टीने पुरावा नव्हे. जुळेपर्यंत त्यात ओळी वाढवता येतात, आणि वाढवलेली प्रत्येक ओळ खरी आहे की नाही हे मेळपत्रक स्वतः सांगत नाही.

पुष्टिपत्राची विनंती कंपनीच्या सहीने तयार झाली, पण पत्ता आम्ही स्वतंत्रपणे शोधला, पत्र आमच्या कार्यालयातून गेले आणि उत्तरही थेट आमच्याकडेच येईल. लेखापरीक्षण मानक ५०५ याच नियंत्रणाची अपेक्षा करते. सत्यम प्रकरणात ५,३६१ कोटींच्या दाखवलेल्या रोख व बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली जानेवारी २००९ मध्ये अध्यक्षांनीच दिली, आणि बँक पुष्टिपत्रांची ने-आण लेखापरीक्षकांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली नाही, असा ठपका अमेरिकी रोखे नियामकाने एप्रिल २०११ मध्ये ठेवला. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या किरकोळ वाटणाऱ्या पायरीची ही किंमत असते.

१४ मे २०२४, मंगळवार

लेखाप्रमुखांनी उताऱ्याची पीडीएफ आधीच पाठवली होती. तरीही आज त्यांच्या शेजारी बसून बँकेच्या पोर्टलवरून १ मार्च ते १३ मे या काळाचा उतारा माझ्यासमोर उतरवून घेतला. पीडीएफमधले आकडे बदलणे आज कोणालाही अवघड नाही. दोन्ही उतारे ओळीने ताडून पाहिले आणि ते सारखेच निघाले, हे नोंदवून ठेवतो.

मेळपत्रकाचा सांगाडा असा आहे. बँकेच्या शिल्लकेतून, दिलेले पण ३१ मार्चपर्यंत न वटलेले धनादेश १,७१,२०,४५० रुपये वजा केले आहेत. भरलेल्या पण जमा न झालेल्या रकमा ४३,१८,००० रुपये मिळवल्या आहेत. बँकेत जमा झालेली पण वहीत न घेतलेली आवक १,१२,३६० रुपये वजा केली आहे. आणि शेवटी ‘जुना फरक’ या नावाखाली २,८६,५०० रुपये मिळवले आहेत. बेरीज स्वतः करून पाहिली, वहीची शिल्लक बरोबर येते.

यांपैकी १,१२,३६० रुपयांची गोष्ट लगेच सुटली. एका ग्राहकाने २७ मार्चला थेट एनईएफटी केले होते, पाठवणाऱ्याच्या नावात मालकाचे नाव आल्यामुळे लेखाविभागाला ते कोणाचे हे कळले नाही आणि नोंद एप्रिलमध्ये झाली. ती मार्चमध्येच हवी. बाकी तीन ओळींसाठी पुढचे दिवस जातील असे दिसते.

तपासण्यापूर्वी या वर्षअखेरीचे कॅलेंडर समोर ठेवले. २९ मार्चला गुड फ्रायडे होता. ३० मार्च हा महिन्याचा पाचवा शनिवार असल्यामुळे बँका चालू होत्या. ३१ मार्चला रविवार आणि १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबाची सुट्टी होती. म्हणजे २८ किंवा ३० मार्चला खरोखर हाती पडलेला धनादेश पुरवठादाराने लगेच भरला, तर तो साधारण २ ते ५ एप्रिलच्या दरम्यान वटलेला दिसायला हवा. थोडी ढील धरून १० एप्रिल ही सीमा मी आखली आहे. त्यानंतर वटलेल्या प्रत्येक धनादेशाला कारण विचारायचे.

१६ मे २०२४, गुरुवार

न वटलेल्या धनादेशांची यादी तीन ढिगांत पडली. ५८,३६,२५० रुपयांचे धनादेश १० एप्रिलपर्यंत वटले आहेत. त्यांची तारीख, क्रमांक आणि रक्कम उताऱ्याशी जुळते आणि त्यांच्याविषयी माझा प्रश्न नाही. ८,३४,२०० रुपयांचे धनादेश १ जानेवारीपूर्वीच्या तारखांचे आहेत. ते पुढे पाहू. उरलेले नऊ धनादेश एकूण १,०४,५०,००० रुपयांचे आहेत. त्यांच्यावर तारीख २८ किंवा ३० मार्च आहे, पण ते वटले आहेत २२ एप्रिल ते ९ मे या काळात.

नऊही धनादेश प्रत्येकी पाच लाखांच्या वरचे आहेत. सगळे कोल्हापूर व सांगली परिसरातील पुरवठादारांचे आहेत आणि त्यांच्या बिलांची मुदत फेब्रुवारीतच उलटून गेलेली आहे. दीड-दोन महिने पैशांची वाट पाहणारा माणूस अकरा लाखांचा धनादेश तीन आठवडे कपाटात ठेवून देत नाही, हे सांगायला लेखापरीक्षक असण्याची गरज नाही.

लेखाप्रमुखांना विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, चेक मार्चमध्येच लिहिलेत, पुस्तक बघा. पार्टीनं उशिरा भरले तर आम्ही काय करणार?” धनादेश पुस्तक पाहिले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. क्रमांक सलग आहेत, त्यांच्या आधीचे धनादेश २७ मार्चचे आणि नंतरचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचे आहेत. म्हणजे मागची तारीख टाकून ते नंतर लिहिले गेलेले नाहीत. ते मार्चमध्येच लिहिले गेले, प्रश्न एवढाच की ते कार्यालयातून बाहेर कधी पडले.

हा फरक हिशेबात निर्णायक आहे. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे धनादेश सुपूर्द केल्याशिवाय पूर्ण होत नाही. टेबलाच्या खणात पडलेला धनादेश कितीही व्यवस्थित लिहिलेला असला तरी तो बँकेतले पैसे कमी करत नाही आणि पुरवठादाराचे देणेही फेडत नाही. तो ३१ मार्चला खणातच असेल, तर वहीतली नोंद उलटवून बँक शिल्लक आणि देणी दोन्ही तेवढ्याने वाढवावी लागतील.

१८ मे २०२४, शनिवार

सुपूर्दगीची तारीख शोधण्यासाठी तीन दिशांनी पुरावा गोळा केला.

पहिली दिशा पुरवठादारांची. नऊपैकी सात जणांची ३१ मार्चची शिल्लक-पुष्टी आमच्याकडे थेट आली आहे आणि सातही जणांच्या वहीत ही रक्कम ३१ मार्चला येणेच दिसते. एकाने तर पत्राच्या खाली हाताने लिहिले आहे की रक्कम २३ एप्रिल रोजी धनादेशाने मिळाली.

दुसरी दिशा धनादेशांच्या प्रतिमांची. आता कागदी धनादेश गावोगाव फिरत नाही. तो भरणाऱ्याच्या बँकेतच राहतो आणि समाशोधनासाठी त्याची प्रतिमा पुढे जाते. कंपनीच्या विनंतीवरून तिच्या चालू खात्याच्या बँकेने नऊ धनादेशांच्या पुढच्या व मागच्या बाजूंच्या प्रतिमा दिल्या. मागच्या बाजूला धनादेश भरून घेणाऱ्या बँकांचे शिक्के आहेत आणि सगळ्यांत आधीचा शिक्का २० एप्रिलचा आहे. यावरून भरणा कधी झाला हे कळते. धनादेश हाती कधी आला हे मात्र सिद्ध होत नाही, म्हणून एवढ्यावर थांबता आले नाही.

तिसरी दिशा मला सर्वांत उपयोगी वाटली. पॉझिटिव्ह पे या व्यवस्थेत मोठ्या रकमेचा धनादेश देणाऱ्याने त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव बँकेला आगाऊ कळवायचे असते. रिझर्व्ह बँकेने ती १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्यावरील धनादेशांसाठी आणली आणि पाच लाख व त्यावरील रकमांना ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना दिली. या कंपनीच्या बँकेने तशी सक्ती केलेली आहे. पोर्टलवर प्रत्येक धनादेशाची माहिती कोणी आणि कधी भरली याची वेळेसह नोंद राहते. लेखाप्रमुखांच्याच पडद्यावर ती यादी उघडली. १० एप्रिलपर्यंत वटलेल्या पहिल्या ढिगातील मोठ्या धनादेशांची माहिती धनादेशाच्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरलेली आहे. या नऊ धनादेशांची माहिती मात्र एकत्रच, १९ एप्रिलला दुपारी, एकामागोमाग भरलेली आहे.

पडद्याची छापील प्रत घेतली आणि तिच्यावर लेखाप्रमुखांची सही मागितली. सही करताना ते म्हणाले, “पैसे खात्यात होते की नव्हते? होते. मग आम्ही कोणाला फसवलं?”

प्रश्न चांगला आहे. रोख शिल्लक फुगवल्याची प्रकरणे आपण वाचतो, म्हणून शिल्लक कमी दाखवण्यात काही गैर असू शकते हे चटकन लक्षात येत नाही. इथे शिल्लक एक कोटीने कमी दाखवली आहे आणि तेवढ्यानेच देणीही कमी दिसत आहेत.

२१ मे २०२४, मंगळवार

कारण आज उघड झाले आणि ते बँकेत नसून आयकरात आहे. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये २०२३ च्या वित्त कायद्याने ‘एच’ हे नवे पोटकलम घातले. सूक्ष्म व लघु उद्योगाला द्यायची रक्कम ठरलेल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिली नाही, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस मिळतो. कलम ४३ब मधील इतर देण्यांना विवरणपत्राच्या तारखेपर्यंत भरण्याची सवलत असते, ती या पोटकलमाला नाही. म्हणजे वजावट याच वर्षी हवी, तर पैसे ३१ मार्चपर्यंत दिलेले दिसायला हवेत. हे २०२३-२४ हे पहिलेच वर्ष असल्यामुळे मार्चमध्ये साऱ्या औद्योगिक वसाहतीत हीच चर्चा होती. नऊपैकी सहा पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहेत आणि त्यांची रक्कम ७१,२०,००० रुपये होते. उरलेले तीन धनादेश बहुधा सोबतीने लिहिले गेले असावेत.

कंपनीच्या कर सल्लागारांनी दूरध्वनीवर ओगले काच कारखान्याच्या निकालाचा आधार दिला. औंध संस्थानातील या कारखान्याला भारत सरकारकडून मिळालेल्या धनादेशांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये असे म्हटले की धनादेश न नाकारता वटला, तर रक्कम तो मिळाल्या दिवशीच मिळाली असे धरायचे. वटल्याची तारीख महत्त्वाची नाही. निकाल बरोबर आहे आणि आम्ही तो मानतोही. पहिल्या ढिगातील धनादेश २ ते १० एप्रिलला वटूनही मार्चमधील पेमेंट म्हणून आम्ही स्वीकारले ते याच न्यायाने. पण त्या निकालात धनादेश दिल्लीहून टपालात पडले होते, आणि तेही घेणाऱ्याच्याच सांगण्यावरून. देणाऱ्याच्या खणात राहिलेल्या धनादेशाला तो लागू करता येत नाही. सल्लागारांनी यावर वाद घातला नाही, एवढेच म्हणाले की धनादेश हातोहात दिल्याच्या पावत्या असतील तर पाहा. पावत्या मागितल्या. आवक-जावक नोंदवहीत नऊपैकी एकाही धनादेशाची मार्चमधील नोंद नाही, आणि पावत्या आजवर आलेल्या नाहीत.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. व्यवस्थापनाचा पहिला युक्तिवाद असा होता की नफ्यावर परिणाम नाही, म्हणून दुरुस्तीचा आग्रह नको. नफा बदलत नाही हे खरे, परंतु देणी एक कोटीने कमी दिसली की चालू गुणोत्तर बदलते, सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकीत देण्यांचा ताळेबंदातील तपशील चुकतो आणि कर लेखापरीक्षण अहवालातील रक्कमही चुकते. त्या अहवालावर सही आमचीच असणार आहे.

२४ मे २०२४, शुक्रवार

भरलेल्या पण जमा न झालेल्या ४३,१८,००० रुपयांपैकी १८,१८,००० रुपयांचे दोन ग्राहकांचे धनादेश ३० मार्चला भरले गेले आणि २ एप्रिलला जमा झाले. भरणा पावतीवर ३० मार्चचा बँकेचा शिक्का आहे. मधल्या सुट्ट्या लक्षात घेता हे अगदी स्वाभाविक आहे.

उरलेल्या २५,००,००० रुपयांच्या ओळीने मात्र पहिल्याच दिवशी लक्ष वेधून घेतले होते. वर्णन आहे ‘भगिनी कंपनीकडून एनईएफटी, मार्गस्थ’. रक्कम गोल आहे, व्यवहार संबंधित पक्षाशी आहे आणि तारीख ३१ मार्च आहे. पण या तिन्हींपेक्षा मोठी गोष्ट ही की एनईएफटी असे मार्गस्थ राहतच नाही. डिसेंबर २०१९ पासून ते चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि दर अर्ध्या तासाला तुकडी निघते. पैसे जमा करता आले नाहीत तर ती तुकडी संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे असतात. ३१ मार्चच्या रात्री उशिरा पाठवलेली रक्कम फार तर १ एप्रिलच्या पहाटे दिसेल. धनादेशाच्या जमान्यातील ‘वाटेत आहे’ हे स्पष्टीकरण इलेक्ट्रॉनिक व्यवहाराला चिकटवलेले दिसले की मी थांबतो.

बँकेच्या उताऱ्यात २५,००,००० रुपये ४ एप्रिलला जमा आहेत आणि ते एनईएफटीने नव्हे, तर आरटीजीएसने आले आहेत. आरटीजीएसच्या व्यवहार क्रमांकात २२ अक्षरे असतात आणि पाठवल्याची तारीख त्यातच असते. उताऱ्यावरील क्रमांक, बँकेची ओळख व शेवटचा अनुक्रम झाकून, असा आहे :

```
XXXXR520240404########
```

पहिली चार अक्षरे पाठवणाऱ्या बँकेची, मग आरटीजीएसची खूण व मार्ग, आणि त्यानंतर `20240404`. पैसे त्या बाजूने निघालेच ४ एप्रिलला. वहीत नोंद केल्याची वेळ टॅलीच्या संपादन इतिहासात पाहिली, तर ती ५ एप्रिलची सकाळ आहे आणि व्हाउचरची तारीख ३१ मार्च टाकलेली आहे.

भगिनी कंपनीचे लेखापरीक्षणही आमच्याच कार्यालयाकडे असल्यामुळे, दोन्ही कंपन्यांची लेखी संमती घेऊन, तिकडची बाजू पाहता आली. तिकडच्या वहीत हेच पेमेंट ४ एप्रिलचे आहे. एकच रक्कम ३१ मार्चला एका कंपनीच्या बँकेत आणि दुसऱ्या कंपनीच्याही बँकेत, अशी दोन ठिकाणी मोजली गेली होती. दोन संबंधित खात्यांमधील हस्तांतरणासाठी म्हणूनच मी चार तारखा शेजारी शेजारी लिहितो : देणाऱ्याच्या वहीत, देणाऱ्याच्या बँकेत, घेणाऱ्याच्या वहीत आणि घेणाऱ्याच्या बँकेत. घेणाऱ्याची वहीतील तारीख वर्षअखेरीच्या अलीकडे आणि बाकी तिन्ही पलीकडे असतील, तर रोख रक्कम फुगलेली आहे.

दुरुस्ती सरळ आहे : बँक शिल्लक २५,००,००० रुपयांनी कमी करायची आणि भगिनी कंपनीकडील येणे तेवढ्याने वाढवायचे. संबंधित पक्षांच्या टिपणीतही हा आकडा बदलेल, आणि माझा तर्क असा की ती टिपणी लहान दिसावी यासाठीच ही नोंद झाली असावी. व्यवस्थापनाने कारण ‘नजरचूक’ असे लेखी दिले आहे. ते तसेच कागदपत्रांत ठेवले आहे. त्याखाली टॅलीतील नोंदीची वेळही ठेवली आहे.

२८ मे २०२४, मंगळवार

आज मुदतबाह्य धनादेश. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांऐवजी तारखेपासून तीन महिने झाली. तीन महिने उलटलेला धनादेश बँक वटवणार नाही, म्हणून तो ‘न वटलेला’ म्हणून मेळपत्रकात ठेवणे म्हणजे कधीच न जाणारे पैसे गेले असे दाखवत राहणे होय. लेखाविभागाचा प्रस्ताव असा होता की ८,३४,२०० रुपयांची सगळी रक्कम किरकोळ उत्पन्नात वळवावी. बऱ्याच ठिकाणी हे सर्रास होते आणि बऱ्याच ठिकाणी ते चूक असते, कारण धनादेश मरतो, देणे मरत नाही.

सर्वांत मोठा धनादेश ४,७५,००० रुपयांचा, भट्टीची दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराच्या नावे, १९ सप्टेंबर २०२३ चा आहे. कंत्राटदाराच्या खातेवहीत शेवटची शिल्लक ४,७५,००० रुपये नावे, म्हणजे आगाऊ दिल्यासारखी दिसते. कंत्राटदाराला तो धनादेश मिळालाच नव्हता. त्याने तक्रार केल्यावर नोव्हेंबरमध्ये एनईएफटीने पैसे दिले गेले, पण धनादेश वहीत रद्द झाला नाही आणि बँकेला पेमेंट थांबवण्याची सूचनाही गेली नाही. नोंद उलटवली की कंत्राटदाराचे खाते शून्यावर येते. हीच रक्कम उत्पन्नात घेतली असती, तर नफा खोटा वाढला असता आणि न दिलेली उचल वर्षानुवर्षे येण्यांत लटकत राहिली असती. हरवलेला धनादेश डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत वटण्याजोगा होता, ही बाब व्यवस्थापनाच्या पत्रात स्वतंत्र लिहिणार आहे.

२,६४,२०० रुपयांचे अकरा धनादेश काम सोडून गेलेल्या कामगारांच्या अंतिम हिशेबाचे आहेत. बहुतेक जण परप्रांतीय, पत्ता सोडून गेलेले. ही मजुरी कंपनीचे उत्पन्न कधीच होत नाही : महाराष्ट्र कामगार कल्याण निधी कायद्याप्रमाणे देय झाल्यापासून तीन वर्षे न दिली गेलेली रक्कम ‘न दिलेली संचित रक्कम’ ठरते आणि ती कल्याण मंडळाकडे भरायची असते. तोवर कामगारनिहाय यादीसह ती वेगळे देणे म्हणून ठेवायला सांगितले. उरलेले ९५,००० रुपये मालाच्या दर्जावरून वाद असलेल्या एका पुरवठादाराचे आहेत, ते देण्यांत परत जातील.

पुरवठादाराचा वादग्रस्त धनादेश आणि कामगारांचे चार धनादेश अजून कार्यालयातच होते. ते माझ्यासमोर आडव्या रेघांनी रद्द करून पुस्तकाला जोडले. मुदत संपलेला, सही असलेला कागद तिजोरीत ठेवण्यात कोणाचे हित नाही; तारखेत खाडाखोड करून तो पुन्हा चालवण्याचा मोह कोणाला कधी होईल सांगता येत नाही.

३१ मे २०२४, शुक्रवार

दोन्ही बँकांची पुष्टिपत्रे आली. मुख्य खात्याची शिल्लक उताऱ्याशी जुळते आणि न सांगितलेले एकही खाते निघाले नाही.

‘जुना फरक’ २,८६,५०० रुपये ऑक्टोबरपासून प्रत्येक महिन्याच्या मेळपत्रकात जसाच्या तसा पुढे ओढला गेला आहे. न हलणारी ओळ ही मेळपत्रकातील सर्वांत संशयास्पद ओळ असते, कारण खरा वेळेचा फरक पुढच्या महिन्यात नाहीसा व्हायला हवा. ऑगस्टअखेरचे मेळपत्रक स्वच्छ जुळत होते, म्हणून शोध फक्त सप्टेंबरमध्ये करायचा होता. त्या महिन्यातील वही आणि उतारा ओळीने लावल्यावर त्या एका आकड्यात दोन गोष्टी दडलेल्या निघाल्या. एका ग्राहकाचा ३,५०,००० रुपयांचा धनादेश न वटता परत आला होता आणि त्याची उलट नोंद वहीत झालीच नाही. आणि ६३,५०० रुपयांचे एक एनईएफटी वहीत दोनदा खर्ची पडले होते. एकाने शिल्लक वाढली, दुसऱ्याने घटली, आणि वजाबाकी २,८६,५०० रुपये राहिली. निव्वळ फरक लहान दिसतो म्हणून सोडून देऊ नये, तो याचसाठी.

परत आलेल्या धनादेशाची किंमत कंपनीला वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागली आहे. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद करायची तर बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते. बँकेचा परतीचा मेमो लेखाविभागाच्या फाइलमध्ये सप्टेंबरपासून आहे. नोटीस कोणी दिली नाही, आणि धनादेश पुन्हा भरण्याची मुदतही डिसेंबरमध्ये संपली. ग्राहकाचे येणे परत उभे करून त्यातील किती वसूल होईल याचा अंदाज व्यवस्थापनाकडून मागवला आहे. साऱ्या तपासणीत नफ्याला प्रत्यक्ष धक्का बसण्याची शक्यता असलेली ही एकच बाब आहे.

आता सुधारित आकडा. बँकेच्या बाजूने : २,३८,६४,२१० मधून खरोखर दिलेले न वटलेले धनादेश ५८,३६,२५० वजा आणि खरोखर भरलेले १८,१८,००० अधिक, म्हणजे १,९८,४५,९६० रुपये. वहीच्या बाजूने : १,१२,३५,९०० मध्ये खणातील धनादेश १,०४,५०,०००, मुदतबाह्य धनादेश ८,३४,२०० आणि ग्राहकाची आवक १,१२,३६० मिळवून, त्यातून भगिनी कंपनीचे २५,००,००० आणि जुना फरक २,८६,५०० वजा केले की तोच आकडा येतो. निव्वळ वाढ ८६,१०,०६० रुपयांची दिसत असली, तरी चुकांच्या यादीत आम्ही फुगवटा आणि घट वेगवेगळे मांडले आहेत. ३१ मार्चला न आलेले पंचवीस लाख, न गेलेल्या एक कोटींच्या पोटात विरघळू द्यायचे नाहीत.

संध्याकाळी संचालकांनी सर्व नोंदी मान्य केल्या आणि टॅलीत त्या माझ्यासमोर पडल्या. सहा लघु पुरवठादारांच्या ७१,२०,००० रुपयांपैकी नेमकी किती रक्कम या वर्षी वजावटीतून वगळायची, हे प्रत्येक बिलाच्या स्वीकृतीच्या तारखेवरून आणि लेखी करारावरून ठरेल. दोघांचे करारपत्र अजून मिळालेले नाही, ते मंगळवारी मागायचे आहे. त्याच वेळी एप्रिलअखेरचे मेळपत्रकही मागवले आहे, त्यात ‘जुना फरक’ ही ओळ उरलेली नाही ना ते पाहण्यासाठी.